साइनचा चढ दर अंशाला किती?

शाळेच्या पुस्तकात साइनचा आलेख डोंगरासारखा दिसतो. आडव्या अक्षावर ०, ३०, ६०, ९० असे अंश, उभ्या अक्षावर ० ते १, आणि सुरुवातीला वक्र चांगला ताठ वर चढलेला. हे चित्र पानात मावावं म्हणून काढलेलं असतं. दोन्ही अक्षांवर एकच माप घेऊन पाहा. एक अंश म्हणजे एक सेंटिमीटर, आणि उंचीचा १ म्हणजेही एकच सेंटिमीटर. आता ९० सेंटिमीटर लांबीत वक्र जेमतेम एक सेंटिमीटर वर येतो. मोरीत पाणी साचू नये म्हणून फरशीला जेवढा उतार देतात, साधारण तेवढाच हा चढ आहे.

अकरावी-बारावीत आपण पाठ करतो की साइनचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे अवकलज, कोसाइन असतो. शून्य अंशाला कोसाइन १ आहे. म्हणजे सुरुवातीला वक्राचा चढ १ असायला हवा, एका पावलाला एक पाऊल वर. त्या वेगाने साइन पहिल्याच अंशात १ पर्यंत पोहोचेल, आणि पुढचे ८९ अंश त्याला करायला काही उरणार नाही. मोरीच्या फरशीवर असा चढ कुठून येणार? तेव्हा कोन अंशांत असेल तर पाठ केलेलं सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, हे कागद-पेन्सिल न घेताही कळतं. बरोबर सूत्रात एक गुणक जास्तीचा येतो:

d/dx sin x° = (π/180) cos x°
d/dx cos x° = −(π/180) sin x°

π/180 म्हणजे ०.०१७४५३३. उलट बाजूने पाहिलं तर १८०/π म्हणजे ५७.२९५८. हा ५७.३ चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो गुन्हेगाराच्या बोटाच्या ठशासारखा उपयोगी पडणार आहे.

पुस्तकं हा गुणक दोन ओळींत उरकतात. अंशाचं रेडियन करा, चेन रूल लावा, झालं. उत्तर बरोबर असतं, पण त्यातून असा समज होतो की रेडियन हे खरं माप आणि अंश म्हणजे त्याच्यावर चढवलेला अंगरखा. तो काढला की आतलं गणित दिसतं. प्रत्यक्षात रेडियनचं नावही न घेता, सगळं अंशांतच ठेवून हा गुणक काढता येतो. तसा काढला की π नेमका कोणत्या दारातून आत येतो हे दिसतं.

एक एकक त्रिज्येचं वर्तुळ घ्या आणि केंद्रापाशी h अंशांचा लहानसा कोन करा. त्या कोनात तीन आकृत्या एकात एक बसतात. सर्वांत आत जीवेने बनलेला त्रिकोण, त्याचं क्षेत्रफळ ½ sin h°. त्याला झाकणारी वर्तुळाची फाक. पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ π आणि त्यातले ३६० पैकी h भाग आपले, म्हणून फाकेचं क्षेत्रफळ πh/360. सर्वांत बाहेर स्पर्शरेषेपर्यंत गेलेला काटकोन त्रिकोण, ½ tan h°. म्हणून

½ sin h° < πh/360 < ½ tan h°

थोडी मांडणी बदलली की sin h°/h ही संख्या (π/180) cos h° आणि π/180 यांच्या चिमटीत सापडते. h लहान होत गेला की cos h° एकाकडे सरकतो आणि चिमटा बंद होतो. आकडे घालून पाहायचं तर h = १० ला हे गुणोत्तर ०.०१७३६४८ येतं, h = १ ला ०.०१७४५२४ आणि h = ०.१ ला ०.०१७४५३२८. म्हणजे π आला तो फाकेच्या क्षेत्रफळातून, आणि १८० आला वर्तुळाचे ३६० भाग करण्याच्या जुन्या सवयीतून. अवकलनाच्या क्रियेने स्वतः काहीच घातलेलं नाही.

उरलेलं काम एका त्रिकोणमितीय सूत्राचं आहे. x पासून x + h पर्यंत जाताना साइनमध्ये पडणारा फरक असा:

sin(x+h)° − sin x° = 2 cos(x + h/2)° · sin(h/2)°

याला h ने भागा. sin(h/2)° ला h/2 ने भागल्यावर काय होतं ते आत्ताच पाहिलं, ते π/180 कडे जातं. कोसाइन मात्र आहे तसाच, अंशांतच राहतो. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि चुका बहुधा तिथेच होतात. गुणक एकदाच लागतो, तो कोसाइनच्या बाहेर लागतो, आणि कोसाइनच्या आतला कोन ज्या मापात होता त्याच मापात राहतो.

गुणक बरोबर आहे का, हे पडताळायची माझी आवडती रीत फार साधी आहे. साइन पाव फेरीत ० वरून १ वर येतो. त्याचा सर्वांत जास्त चढ हा त्या पाव फेरीतल्या सरासरी चढाच्या π/2 पट, म्हणजे सुमारे १.५७ पट असतो. हे प्रमाण कोणत्याही मापात बदलत नाही. अंशांत सरासरी चढ १/९०. त्याला π/2 ने गुणा, π/180 मिळतो. फेरीचे ४०० भाग करणाऱ्या ग्रेड मापात, जे कॅल्क्युलेटरवर GRA म्हणून अजून बसलेलं आहे, सरासरी १/१०० आणि गुणक π/200. पूर्ण फेरीलाच एक मानलं तर सरासरी ४ आणि गुणक 2π. रेडियनमध्ये पाव फेरी π/2 ची, सरासरी 2/π, आणि गुणक १. म्हणजे गुणक सगळीकडेच असतो. रेडियनमध्ये तो १ असल्यामुळे दिसत नाही एवढंच.

आता वादाकडे येतो. या विषयावर दोन शिक्षक बोलू लागले की एक म्हणतो, साइनचा अवकलज कोसाइनच, मापाशी त्याचा काय संबंध? दुसरा म्हणतो, अंशांत असेल तर मुळीच नाही. दोघंही शहाणे असतात आणि दोघंही बरोबर असतात. घोटाळा sin x° या लिखाणात आहे. त्याचं वाचन तीन तऱ्हांनी होतं.

पहिल्या वाचनात अंशाचं वर्तुळ, तो छोटासा °, ही एक संख्याच आहे: π/180. जसं टक्का म्हणजे १/१००. मग ३०° ही संख्या ०.५२३६ आहे, साइन एकच आहे, आणि x° म्हणजे x गुणिले ०.०१७४५. चेन रूल लावला की गुणक आपोआप बाहेर पडतो. दुसऱ्या वाचनात साइन दोन आहेत. एक रेडियनमधली संख्या घेणारा, दुसरा अंशांतली. दुसऱ्याला संगणकात sind म्हणतात, आणि sind चा अवकलज (π/180) cosd. हे दोन वेगळे वक्र आहेत, एक दुसऱ्याला आडवा ५७.३ पट ताणून मिळालेला. तिसऱ्या वाचनात कोन ही लांबी किंवा वेळेसारखी राशी आहे, तिला माप असतं पण ती मापाहून वेगळी असते. मग साइनचा चढ हा दर आहे, आणि दर सांगताना 'दर कशाला' हे सांगावंच लागतं. ३० अंशाला साइनचा चढ दर रेडियनला ०.८६६ आहे, दर अंशाला ०.०१५१. ताशी ३६ किलोमीटर आणि सेकंदाला १० मीटर हा एकच वेग असावा, तसे हे दोन आकडे म्हणजे एकच चढ.

वादातले दोघे शिक्षक वेगवेगळ्या गोष्टींनी भागत असतात. पहिला साइनमधल्या फरकाला कोनाने भागतो, दुसरा अंशांच्या संख्येने. मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेलाही या प्रश्नाने बराच काळ छळलं. रेडियन हे मूळ एकक की साधित, हे न ठरल्यामुळे त्याला 'पूरक' अशा तिसऱ्याच वर्गात ठेवलं होतं; १९९५ मध्ये तो वर्ग मोडून रेडियनला परिमाण नसलेलं साधित एकक ठरवलं गेलं. माझं मत विचाराल तर लिहिण्यासाठी दुसरं वाचन चांगलं, कारण त्यात लपवाछपवी नाही. विचार करण्यासाठी मात्र तिसरं, कारण 'दर अंशाला' हे दोन शब्द मनात असले की गुणक विसरणं अवघड जातं.

या तिसऱ्या वाचनाला आपल्याकडे फार जुना आधार आहे. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात 'ज्या'चं, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनचं, कोष्टक आहे. पाव वर्तुळाचे २४ भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा. आर्यभटाने त्रिज्या १ घेतली नाही, १०० घेतली नाही, ३४३८ घेतली. हा विचित्र आकडा का? वर्तुळाच्या परिघात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला असतात. एवढ्या परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या काढली तर २१,६०० भागिले 2π, म्हणजे ३४३७.७५ येते. थोडक्यात, परीघ ज्या मापाने मोजला त्याच मापाने त्रिज्याही मोजली, आणि ज्याही. कंस कलांत, ज्या कलांत, त्रिज्या कलांत. सगळी लांबी एकाच पट्टीने मोजल्यावर रूपांतराचा गुणक लागतच नाही. म्हणून कोष्टकातला पहिला फरक बरोबर २२५ आहे: सुरुवातीला २२५ कला कंस चालल्यावर ज्याही २२५ कलांनीच वाढते. पहिल्या पावलाचा चढ १! कोन कलांत मोजूनही.

पुढे ९३२ च्या सुमाराचा मुंजाल आणि त्यानंतर ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिणारे भास्कराचार्य यांनी या फरकांचा नियम सांगितला. भास्कराचार्यांचं नातं आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणशी जोडलेलं आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी उभारलेल्या मठाचा १२०७ चा शिलालेख तिथे आहे. ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, काढताना भास्कराचार्य सांगतात की त्या क्षणाचा भोग्यखंड, म्हणजे कोष्टकातला पुढचा फरक, काढायचा तर २२५ ला कोटिज्येने गुणावं आणि त्रिज्येने भागावं. कोटिज्या भागिले त्रिज्या म्हणजे आपला कोसाइन. करून पाहू. ३० अंश हा कोष्टकातला आठवा टप्पा, ज्या १७१९. त्याच्या मागचा फरक १९९, पुढचा १९१. कोटिज्या २९७८. नियमाने २२५ गुणिले २९७८ भागिले ३४३८, उत्तर १९४.९. मागच्या आणि पुढच्या फरकांच्या बरोबर मधोमध. कोष्टकाचे फरक पायरीपायरीने बदलतात, आणि हा आकडा त्या पायरीवर उभं राहिल्यावर जो चढ असतो तो सांगतो.

पण भास्कराचार्यांचंच दुसरं, झटपट कामाचं कोष्टक पाहिलं तर लपलेला गुणक बाहेर येतो. त्यात त्रिज्या १२० आणि टप्पे दहा-दहा अंशांचे. फरक असे: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. बेरीज १२०. इथे त्रिज्या कंसाच्या पट्टीने मोजलेली नाही, म्हणून पहिला फरक १० नाही. १२० गुणिले १० गुणिले π/180 करा, २०.९४ मिळतात. त्या २१ च्या पोटात आपला गुणक बसलेला आहे. जिथे त्रिज्या आणि कंस एका पट्टीने मोजले जात नाहीत तिथे तो हमखास असतो.

'रेडियन' हे नाव मात्र फार उशिरा आलं. कल्पना इंग्लंडच्या रॉजर कोट्स याला अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचली होती. शब्द छापून आला तो १८७३ च्या जूनमध्ये, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. हे लॉर्ड केल्विन यांचे थोरले बंधू. परीक्षेला बसलेल्या मुलांना प्रश्नपत्रिकेत नवाच शब्द वाचून काय वाटलं असेल कोण जाणे.

कॅल्क्युलसने रेडियनची बाजू का घेतली, हे दुसऱ्या अवकलजापाशी पोहोचलं की स्पष्ट होतं. रेडियनमध्ये साइनचं दोनदा अवकलन केलं की उणे साइन आणि चारदा केलं की पुन्हा साइनच मिळतो. अंशांत प्रत्येक वेळी एक गुणक जोडला जातो. दुसऱ्या अवकलजाला (π/180)², म्हणजे ०.०००३०४६, चौथ्याला त्याचाही वर्ग. वक्र फिरून मूळ जागी येतो खरा, पण येताना एक कोटीहून जास्त पटींनी आकसलेला असतो. उलट दिशेने, संकलनात, गुणक ५७.३ चा होतो. साइनच्या एका कमानीखालचं क्षेत्रफळ रेडियनमध्ये सुबक २ आहे, अंशांत ३६०/π, म्हणजे ११४.५९. चुकीचं यातलं काहीच नाही. सामान वाहून नेण्याचा त्रास तेवढा आहे.

आता एक उदाहरण मुळापासून शेवटपर्यंत करू. त्यात अंश दोन ठिकाणी येतात आणि खरी परीक्षा तिथेच होते.

महाराष्ट्रात दरवर्षी मे महिन्यात शून्य सावली दिवसाच्या बातम्या येतात. ज्या दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशात्मक अंतर, गावाच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाखाली नाहीशी होते. सौरऊर्जेचं काम करणारे क्रांतीसाठी एक सोपं सूत्र वापरतात. n हा वर्षातला कितवा दिवस:

δ = 23.45° · sin( (360/365)·(n − 81) )°

कंसातला कोन अंशांत आहे, आणि उत्तरही अंशांत. क्रांती रोज किती बदलते, हे हवं असेल तर n च्या सापेक्ष अवकलन करायचं. कंसातून ३६०/३६५ बाहेर येईल, आणि साइन अंशांतला असल्यामुळे π/180 ही येईल. बाहेरच्या २३.४५ चं काय? तेही अंशच आहेत, पण ते साइनच्या आत नाहीत. ते म्हणजे उत्तराचं माप. त्यांना हात लावायचा नाही. 'अंश दिसले की रेडियन करा' असा नियम पाठ केलेला विद्यार्थी नेमका इथे घसरतो आणि गुणक दोनदा लावतो.

२३.४५ गुणिले ३६०/३६५ गुणिले π/180 केलं की ०.४०४ मिळतात. म्हणजे मार्चच्या विषुवदिनाला, कोसाइन १ असताना, सूर्य दिवसाला सुमारे ०.४ अंश उत्तरेकडे सरकतो. खातरजमा आपल्या जुन्या रीतीने: पाव वर्षात, म्हणजे ९१.२५ दिवसांत, क्रांती २३.४५ अंशांनी वाढते, सरासरी ०.२५७. त्याच्या १.५७ पट ०.४०४. जुळलं. गुणक विसरलो असतो तर दिवसाला २३.१ अंश आले असते. म्हणजे २१ मार्चला विषुववृत्तावर असलेला सूर्य दुसऱ्याच दिवशी कर्कवृत्तापाशी. आणि दोनदा लावला असता तर दिवसाला ०.००७ अंश. त्या गतीने पावसाळा यायला काही वर्षं वाट पाहावी लागली असती.

पुण्याचा अक्षांश १८.५२, मुंबईचा साधारण १९.०८. क्रांती १८.५२ असताना साइन ०.७९० आणि कोसाइन ०.६१३ असतो, म्हणून रोजचा बदल ०.४०४ च्या ०.६१३ पट, सुमारे ०.२४८ अंश. मुंबईपाशी पोहोचेपर्यंत तो ०.२३५ वर येतो. दोन शहरांमधला ०.५६ अंशांचा फरक कापायला सूर्याला सव्वादोन दिवसांहून थोडं जास्त लागतं. पुण्यात १३-१४ मे आणि मुंबईत १५-१६ मे, या तारखांशी हे जुळतं. नागपूर २१.१५ अंशांवर. तिथे कोसाइन ०.४३ वर उतरलेला, रोजचा बदल जेमतेम ०.१७ अंश. म्हणून मुंबईनंतर नागपूरचा नंबर यायला आणखी दहा दिवस लागतात, २६ मेच्या आसपास. गुणक विसरून हेच गणित केलं तर पुणे आणि मुंबईत एका तासाचंही अंतर उरत नाही.

या सूत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते पृथ्वीची कक्षा वर्तुळ समजतं. मार्च ते मे त्याचं ठीक चालतं, पण सप्टेंबरचा विषुवदिन ते दोन-तीन दिवस आधीच दाखवतं आणि तेव्हा क्रांती साधारण एका अंशाने चुकते. अवकलन कितीही बिनचूक असलं तरी मूळ सूत्रातला दोष त्याने जात नाही.

संगणकावर हा घोटाळा वेगळं रूप घेतो. बहुतेक भाषांतला sin रेडियनच मागतो, एक्सेलचा SIN सुद्धा. साधी तपासणी अशी:

```python
from math import sin, cos, radians, pi

x, h = 30.0, 0.001
chadh = (sin(radians(x + h)) - sin(radians(x - h))) / (2 * h)
print(chadh)                        # 0.01511499...
print(pi / 180 * cos(radians(x)))   # 0.01511499...
```

दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्यांचं गुणोत्तर काढावं, ते रोग सांगतं. सूत्राचं उत्तर ५७.३ पट मोठं असेल तर गुणक राहिला. तेवढंच लहान असेल तर दोनदा लागला. दुसरा अवकलज काढताना फरक ३२८३ पट दिसला तर तो ५७.३ चा वर्ग आहे, म्हणजे दोन्ही पायऱ्यांवर विसर पडला. आणि गुणोत्तर x बरोबर बदलत असेल, कधी मोठं, कधी लहान, कधी उणे, तर गुणकाचा दोष नाही; कोसाइनच्या आतच चुकीचं माप गेलं आहे. `pi / 180 * cos(30)` लिहिलं तर संगणक ३० रेडियनचा कोसाइन घेतो, ०.१५४, आणि उत्तर ०.०१५१ ऐवजी ०.००२७ येतं. हे दिसायला निरुपद्रवी वाटतं म्हणून जास्त घातक.

अंशांतल्या फलनांचा एक फायदाही आहे, तो नाकारू नये. मॅटलॅबमध्ये `sin(pi)` शून्य देत नाही, 1.2246e-16 देतं, कारण π संगणकात पूर्ण मावत नाही. `sind(180)` मात्र चोख शून्य देतं. अंश पूर्णांकात बसतात, रेडियन बसत नाहीत. म्हणून कोन साठवायचे अंशांत आणि चढ काढताना गुणक आठवायचा, ही तडजोड मला पटते.

पण सगळ्या चुका अशा उघड बोलत नाहीत. न्यूटनच्या पद्धतीने पुण्याचा दिवस शोधायचा असं समजा. n = १२०, म्हणजे ३० एप्रिल, असा अंदाज घेऊन सुरुवात करू. तिथे क्रांती १४.५९, म्हणजे ३.९३ अंश कमी. त्या दिवशीचा चढ ०.३१६, म्हणून पुढचं पाऊल ३.९३ भागिले ०.३१६, म्हणजे १२.४ दिवसांचं. n = १३२.४. पुन्हा तेच केलं की १३३.८७, आणि तिसऱ्यांदा १३३.८९. तीन पावलांत उत्तर.

आता गुणक गाळा. चढ ५७.३ पट मोठा, म्हणून पाऊल ५७.३ पट लहान. १२० वरून १२०.२२. दिशा बरोबर आहे, म्हणून पद्धत भरकटत नाही. हळूहळू त्याच उत्तराकडे सरकत राहते. चूक एक-दशांशावर आणायला दर वेळी सुमारे १३० पावलं लागतात. संगणकाला त्याचं काही वाटत नाही, उत्तरही अखेर बरोबर येतं, आणि प्रोग्राम थोडा संथ आहे एवढीच तक्रार होते. उलट गुणक दोनदा लावला असता तर पहिलंच पाऊल सातशे दिवसांचं पडलं असतं आणि लगेच कळलं असतं.

मात्र अशा प्रोग्रामांत पावलांची मर्यादा घातलेली असते, समजा पन्नास. गुणक गाळलेला प्रोग्राम पन्नासाव्या पावलाला n = १२७.७ च्या आसपास थांबतो. म्हणजे ७ मे. तारीख मेमधली, आकडा पटण्यासारखा, कुणाला शंका यायचं कारण नाही. त्या दिवशी सूर्याची क्रांती जवळपास १६.९ अंश असते, आणि कोल्हापूरचा अक्षांश आहे १६.७. विचारलं होतं पुण्याचं, उत्तर आलं ते जवळजवळ कोल्हापूरचं.